रविवारचे वडे आणि आठवड्याचा हिशेब

महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत स्वयंपाकघराचा आठवडा वारांवर चालतो. सोमवार, गुरुवार आणि शनिवार पुष्कळ घरांत शाकाहाराचे. बुधवारी आणि शुक्रवारी बाजारातून बांगडा, मांदेली किंवा निदान सुकट तरी येते. रविवार मात्र कोंबडीचा. सावित्रीकाठच्या महाड शहरात असो की आंबेनळी घाटाखालच्या पोलादपूरच्या एखाद्या वाडीत, रविवारी दुपारी कढईतून फुगलेले वडे निघत असतात, शेजारी वाटपाचा रस्सा रटरटत असतो, आणि मुंबईहून कोणी आलेलं असेल तर ताटावर आग्रहही होत असतो.

या रविवाराला आता एक नवं नाव मिळालं आहे : चीट मील. वजन उतरवायचं म्हणून सोमवार ते शनिवार भात बंद, गोड बंद, तळलेलं बंद. रविवारी सगळं खुलं. ही पद्धत अमेरिकेतल्या व्यायामाच्या जगातून आली. बिल फिलिप्स यांच्या ‘बॉडी फॉर लाइफ’ या १९९९ सालच्या पुस्तकात सहा दिवस शिस्तीचे आणि सातवा मोकळा असा आराखडा होता. २०१०मध्ये टिम फेरिस यांच्या ‘द फोर-आवर बॉडी’नेही आठवड्यातून एक दिवस हवं ते, हवं तितकं खायची मुभा दिली. पुढे जिममधून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंमधून ती मुभा गावोगाव पोहोचली. आपल्याकडे ती चटकन रुजली, कारण आपला रविवार आधीच तयार होता.

पण बहुतेकांच्या बाबतीत या पद्धतीने वजन उतरत नाही. त्याची दोन कारणं आहेत. एक साध्या बेरजेचं, दुसरं मनाचं. दोन्ही समजून घेतली तर वडे न सोडताही वजन कसं उतरवायचं ते दिसू लागतं.

एका रविवारची बेरीज

उदाहरणासाठी एक माणूस कल्पनेत घेऊ. वय ३८, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, महाडच्या एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात शिफ्टमध्ये काम. अशा पुरुषाचं शरीर नुसतं जिवंत राहण्यासाठी दिवसाला साधारण १,६५० कॅलरी वापरतं. उभं राहणं, चालणं, जिने चढणं धरून हा आकडा २,३००च्या आसपास जातो. (आहाराच्या बोलण्यात ज्याला आपण कॅलरी म्हणतो ती शास्त्रीय भाषेत किलोकॅलरी असते.) म्हणजे रोज सरासरी २,३०० खाल्ल्या तर वजन जिथल्या तिथे, कमी खाल्ल्या तर हळूहळू उतरणार. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात.

हा गृहस्थ सोमवार ते शनिवार कडक राहतो. रोज १,७०० कॅलरी. दिवसाला ६००ची तूट, सहा दिवसांत ३,६००ची. एवढ्यावर आठवडा संपला असता तर जवळजवळ अर्धा किलो चरबी गेली असती.

मग रविवार उजाडतो. सकाळी बाजारात मिसळपाव आणि चहा : साधारण ६६०. दुपारी कोंबडी-वडे. इथे थोडं थांबून वड्याकडे जवळून पाहायला हवं. एका मध्यम वड्याला सुमारे ३५ ग्रॅम पीठ लागतं. तांदूळ, थोडी उडीद डाळ, धणे, मेथी यांचं. त्या पिठाच्या सव्वाशे कॅलरी होतात. तळताना वडा सहा-सात ग्रॅम तेल पितो, त्याच्या साठ. म्हणजे एक वडा १८५चा. सहा वडे सहज जातात, त्यांचे झाले १,११०. दोन वाट्या रस्सा, त्यातलं चिकन, वाटपातलं खोबरं आणि वर आलेला तवंग धरून ४००. शेवटी एक वाटी भात २००, सोलकढी ८०. दुपारचं जेवण १,७९०वर थांबतं. हे एकटं जेवणच त्याच्या सोमवारच्या पूर्ण दिवसापेक्षा मोठं आहे.

संध्याकाळी मित्रांबरोबर दोन वडापाव, ६००. रात्री स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली ३०० आणि सोबत मूठभरापेक्षा थोडे जास्त शेंगदाणे २९०. घरी आल्यावर उरलेल्या रश्शाबरोबर आणखी दोन वडे, ५७०. ‘आजच तर खायचंय’ म्हणून दोन गुलाबजाम, ३००. सगळं मिळून ४,५१०. दिवसाच्या गरजेपेक्षा २,२१० जास्त.

सहा दिवसांत जमवलेल्या ३,६००मधून हे वजा केले तर उरतात १,३९०. अर्ध्या किलोऐवजी पावणेदोनशे-एकशे ऐंशी ग्रॅम. यातला एकही पदार्थ अचाट नाही, कोणी पैजेवर खाल्लेलं नाही. आपल्याकडचा चांगला रविवार असाच असतो. चीट मीलमध्ये ‘मील’ म्हणजे एक जेवण असलं, तरी प्रत्यक्षात ते सकाळच्या मिसळीपासून रात्रीच्या गुलाबजामपर्यंत पसरतं, कारण दार उघडायची वेळ ठरलेली असते, बंद करायची नसते.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं : भरपूर खाल्ल्याने मंदावलेला चयापचय पुन्हा वेग घेतो. यात तथ्याचा अंश आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी २०००मध्ये निरोगी स्त्रियांना तीन दिवस गरजेपेक्षा ४० टक्के जास्त कर्बोदकं खायला दिली. लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक वाढलं, आणि शरीराचा ऊर्जाखर्चही सुमारे ७ टक्क्यांनी वाढला. पण आपल्या उदाहरणातल्या माणसाच्या बाबतीत ७ टक्के म्हणजे दिवसाला १६० कॅलरी, एका वड्याहूनही कमी. त्यासाठी २,२०० जास्तीच्या खायच्या हा सौदा कुठल्याच हिशेबात बसत नाही.

सोमवारचा काटा

सोमवारी सकाळी हाच माणूस वजनकाट्यावर उभा राहतो आणि काटा सव्वा-दीड किलो जास्त दाखवतो. इथून पुढचं बरंचसं नुकसान या आकड्यामुळे होतं, म्हणून तो कुठून येतो ते पाहू.

वाढलेला बहुतेक भाग चरबी नसतो. दीड किलो चरबी चढायला साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि तेवढं एका दिवसात कोणी खात नाही. सहा दिवस भात-भाकरी कमी केल्याने यकृतातला आणि स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा उतरलेला असतो. रविवारी पीठ, भात, पाव पोटात गेले की तो भरून येतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. दोनशे ग्रॅम ग्लायकोजेन परत आलं तर एवढ्यानेच काटा आठशे ग्रॅम वर जातो. फरसाण, पाव, चाकणा यांतलं मीठ आणखी पाणी थांबवतं. शिवाय आदल्या रात्रीचं जेवण अजून आतड्यातच असतं. बुधवार-गुरुवारपर्यंत हे सगळं ओसरतं.

हे ठाऊक नसलं की माणूस दोन चुका करतो. एक तर घाबरून सोमवारी उपाशी राहतो. नाहीतर हताश होतो आणि आठवडाभराच्या कष्टाने काही होत नाही असं ठरवून टाकतो. दुसरी फसगत उलट्या दिशेची आहे. जो शनिवारीच वजन करतो, त्याला पाणी उतरलेला आकडा दिसतो. तो खूश होतो आणि रविवारचा खर्च त्याला कधी कळतच नाही. म्हणून एका दिवसाच्या वजनाला अर्थ नाही. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करावं आणि सात दिवसांची सरासरी काढून ती मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहावी. रोज जमत नसेल तर दर गुरुवारी, एकाच वेळी.

‘आजचा दिवस गेलाच’

बेरीज सांभाळता येते. मनाचं गणित अधिक अवघड आहे.

१९७५मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी अमेरिकेत विद्यार्थिनींवर एक प्रयोग केला. सांगितलं असं, की पदार्थांच्या चवीची परीक्षा आहे. काहींना आधी काहीच दिलं नाही, काहींना एक मिल्कशेक दिला, काहींना दोन. मग सगळ्यांपुढे आइस्क्रीम ठेवलं : चाखा, हवं तितकं खा. ज्या मुली एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी अपेक्षेप्रमाणे मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलेलं होतं. पण ज्या सतत पथ्यावर असत, त्यांचं उलट झालं. मिल्कशेक न प्यायलेल्या आवरून राहिल्या, मिल्कशेक प्यायलेल्यांनी आइस्क्रीम जास्त खाल्लं.

पुढच्याच वर्षी, १९७६मध्ये, जॅनेट पोलिवी यांनी या वागण्याचं मूळ शोधलं. पुडिंगमध्ये भरपूर कॅलरी आहेत असं नुसतं सांगितलं, तरी पथ्यावरच्या व्यक्ती त्यानंतर जास्त खात होत्या. मग पुडिंग खरोखर तसं असो वा नसो. बंध सुटतो तो पोटातल्या अन्नाने नव्हे, ‘मोडलं’ या जाणिवेने. व्यसनमुक्तीवर काम करणाऱ्या अॅलन मार्लाट यांनी हीच गोष्ट दारू सोडणाऱ्यांमध्ये पाहिली होती. पूर्ण वर्ज्य केलेली गोष्ट एकदा घेतली गेली, की माणूस त्या एका घोटाला आपल्या संपूर्ण पराभवाचा पुरावा मानतो आणि मग थांबत नाही.

चीट मील नेमकी हीच जाणीव दर आठवड्याला तयार करते. सहा दिवसांचे पदार्थ चांगले, सातव्याचे वाईट, अशी फळी मधे घातली की बुधवारी कारखान्यात कुणाच्या वाढदिवसाचा केक आणि एक समोसा हातात आला तरी फळी मोडते. खरं तर केक-समोशाचे फार तर पाचशे. १,७०० कॅलरींचा दिवस २,२०० झाला असता, तरी तो गरजेच्या आतच राहिला असता. पण ‘आजचा दिवस गेलाच, उद्यापासून पुन्हा’ असं म्हणत रात्री पोटभर भात, तळलेला बांगडा, वर थोडं गोड होतं, आणि दिवस २,८०० वर जातो. केकने पाचशे वाढवले, ‘गेलाच’ने सहाशे. मघाच्या १,३९०मधून हे अकराशे वजा केले तर संपूर्ण आठवड्याची तूट उरते २९०. चाळीस ग्रॅमही नाही. सहा दिवस भात सोडून.

जर्मन मानसशास्त्रज्ञ योआखिम वेस्टनहोफर यांनी १९९१मध्ये आहारावरच्या नियंत्रणाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. एक ताठर : हे चालेल, ते मुळीच नाही. दुसरा लवचीक : आवडीचं खायचं, पण ठरवून थोडं, आणि एका वेळी जास्त झालं तर पुढच्या वेळी सांभाळून घ्यायचं. ताठर नियंत्रणाबरोबर खाण्यावरचा ताबा सुटण्याचं प्रमाण जास्त आढळलं, लवचीक नियंत्रणाबरोबर ते कमी आणि वजनही कमी. चीट मील वरवर सैल दिसते, म्हणून ती लवचीक आहे असा समज होतो. आतून ती ताठरच आहे. सहा दिवसांचा निषेध आणि एका दिवसाची सुटका ही एकाच नियमाची दोन टोकं आहेत.

गटारीची रात्र

आषाढी अमावास्येला, श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, रायगड जिल्ह्यात कोंबडी-मटणाची दुकानं ओसंडून वाहतात. उद्यापासून महिनाभर वर्ज्य, म्हणून आज दोन दिवसांचं. ही एक वार्षिक रीत आहे, आणि वर्षातून एका रात्रीने कोणाचं वजन ठरत नाही.

पण त्यामागची ओढ मानसशास्त्रात मोजली गेली आहे. २००२मध्ये हर्मन, पोलिवी आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही जणांना सांगितलं, की या प्रयोगानंतर तुम्हाला आठवडाभर कमी कॅलरींच्या आहारावर राहायचं आहे. मग त्यांच्यापुढे चाखण्यासाठी पदार्थ ठेवले. एरवी पथ्यावर असणाऱ्यांनी नुसत्या या सूचनेने जास्त खाल्लं. आहार सुरू व्हायचा होता, उपाशी कोणीच नव्हतं. उद्या मिळणार नाही एवढी कल्पना पुरेशी होती.

चीट मील पाळणाऱ्याची दर रविवारची रात्र म्हणजे छोटी गटारी असते. उरलेले दोन वडे आणि गुलाबजाम भुकेपोटी जात नाहीत. ते जातात, कारण सोमवार ते शनिवार ते पुन्हा दिसणार नाहीत. हेच वडे पुढच्या बुधवारीही चालतील, फक्त मोजून, असं ठरलेलं असतं तर रविवारी रात्री ते फ्रिजमध्ये राहिले असते.

तेरा हजार तीनशे

म्हणून हिशेबाचं एकक दिवसावरून आठवड्यावर न्यायचं. आपल्या गृहस्थाची आठवड्याची गरज २,३०० गुणिले सात, म्हणजे १६,१००. रोज सरासरी ४००ची तूट ठेवली तर आठवड्याला २,८००ची होते आणि खायला उरतात १३,३००. साधारण साडेतीनशे ग्रॅम चरबी. कडक आठवड्याने कागदावर दाखवलेल्या अर्ध्या किलोपेक्षा हे कमी आहे, पण इथे ते हातात पडतं.

हे १३,३०० त्याच्या वारांप्रमाणे वाटता येतात. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार प्रत्येकी १,७५०, त्यांचे ८,७५०. बुधवारी तळलेल्या माशासाठी १,९५०. रविवारी २,६००. बेरीज बरोबर १३,३००.

आता २,६००चा रविवार ताटात मांडून पाहू. सकाळी दोन घावणे, खोबऱ्याची चटणी आणि चहा : ४१०. दुपारी चार वडे ७४०, दोन वाट्या रस्सा ४००, अर्धी वाटी भात १००, सोलकढी ८० : मिळून १,३२०. संध्याकाळी चहा आणि एक वडापाव : ३६०. रात्री एक तांदळाची भाकरी, वाटीभर कुळथाची पिठी आणि भाजी : ४३५. एकूण २,५२५. कोंबडी-वडे आहेत, वडापाव आहे, ७५ हातात शिल्लक आहेत. बिअर हवी असेल तर वडापाव जाईल. हा निर्णय त्याचा, पण तो सकाळी घ्यायचा, बाटली उघडल्यावर नाही.

याच्या मागेही अभ्यास आहे. रीता कोएल्यो दो वाले, रिक पीटर्स आणि मार्सेल झीलेनबर्ग यांनी २०१६मध्ये दोन तऱ्हेच्या योजना ताडून पाहिल्या : रोज सारखीच कमी कॅलरी, आणि बाकीचे दिवस थोडे अधिक कडक ठेवून मधे ठरवून केलेली सैल वेळ. ठरवून सैल सोडणाऱ्यांचा उत्साह आणि स्वतःवरचा ताबा जास्त टिकला, आणि वजनावर त्याचा वाईट परिणाम झाला नाही. ही मोकळीक आधी ठरलेली होती आणि हिशेबात धरलेली होती. हे दोन्ही असलं की मोडल्याची जाणीव मनात उठतच नाही.

इतर दिवशी २,३००वरून १,७५०वर यायचं कसं, हा खरा स्वयंपाकघराचा प्रश्न आहे. भात तोडून उपाशी राहण्याची गरज नसते. दिवसातून चार चहा होत असतील आणि प्रत्येकात दोन चमचे साखर असेल, तर साखर निम्मी केल्याने ऐंशी कॅलरी सुटतात. भाताची एक वाटी कमी, त्याजागी उसळ किंवा पालेभाजी वाढवली, तर शंभर-सव्वाशे. संध्याकाळच्या फरसाणाच्या बशीऐवजी एक केळं किंवा उकडलेलं अंडं घेतलं, तर आणखी शंभर-दीडशे.

सर्वांत मोठा वाटा मात्र तेलाचा असतो आणि तो ताटात दिसत नाही. पोहे, भाजी, फोडणी, रस्सा यांतून जाणारं तेल मोजायला एक सोपी वाट आहे. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज २५ मिलिलिटर झालं, सुमारे २०० कॅलरी. पाच लिटर संपत असेल तर साडेतीनशेच्या आसपास. महिन्याच्या वाणसामानाच्या यादीत हा आकडा मिळतो, त्यासाठी काही तोलावं लागत नाही.

एरवी मात्र पहिले दोन आठवडे तरी तोलावं. माणूस आपलं खाणं कमीच सांगतो. अमेरिकेत १९९२मध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी, आपण फार कमी खातो तरी वजन उतरत नाही असं म्हणणाऱ्या व्यक्तींचं खाणं काटेकोर पद्धतीने तपासलं. त्यांनी लिहून दिलेल्यापेक्षा प्रत्यक्ष खाणं जवळजवळ दुप्पट निघालं. ते खोटं बोलत नव्हते. अंदाज चुकत होता. स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर भाकरीचं पीठ, कच्चे तांदूळ आणि तळणीचं तेल (आधी आणि नंतर) तोलून पाहिलं, की आपल्या घरची वाटी आणि आपल्या घरचा वडा किती कॅलरींचा ते कळतं. वर दिलेले आकडे सरासरीचे आहेत. एका घरचा वडा १५०चा असेल, दुसऱ्या घरचा २२०चा. एकदा कळलं की रोज तोलायची गरज राहत नाही.

वाढणारीचा हिशेब

हे सगळं एका पुरुषाच्या आकड्यांवर झालं. त्याच घरात वडे तळणारी बाई चाळीस वर्षांची, १५२ सेंटिमीटर उंचीची, ६२ किलोची असेल तर तिची गरज दिवसाला १,७००च्या घरात असते. तिचा आठवडा ११,९००चा. रोज दोनशेची तूट धरली तर १०,५००. रविवार १,८५०चा केला की बाकीचे सहा दिवस प्रत्येकी साधारण १,४४०. नवऱ्याएवढे चार वडे तिच्या हिशेबात बसत नाहीत, तीन बसतात. आणि कढईपाशी उभ्याने खाल्लेला पहिला ‘कसा झालाय बघू’ वडाही त्यात धरावा लागतो. नवरा-बायकोने एकच आहार एकत्र पाळायचा ठरवला, की बायकोचं वजन हलत नाही याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

तिच्या आठवड्यात सोमवार किंवा शनिवारचा उपवासही असतो. उपवासाने कॅलरी वाचतील असं वाटतं. पण साबुदाण्याच्या खिचडीच्या एका भरल्या बशीत, त्यातलं तूप आणि शेंगदाण्याचं कूट धरून, चारशे-पाचशे कॅलरी सहज असतात. दोनदा खिचडी आणि वर बटाट्याचा कीस झाला तर उपवासाचा दिवस नेहमीच्या दिवसाइतकाच होतो. त्याला १,४४०च्या आत बसवायचं असेल तर एक वेळ खिचडी आणि दुसऱ्या वेळी ताक, फळ, वरीचा थोडा भात असं ठरवावं लागेल.

आग्रहाचा प्रश्नही इथलाच. ‘अहो, एक तरी घ्या’ याला नकार देणं आपल्याकडे जड जातं, आणि पाहुण्याने पहिल्याच झटक्यात चार वडे घेतले तरी वाढणारीचे हात थांबत नाहीत. म्हणून चार ठरले असतील तर पहिल्यांदा दोनच घ्यावेत. आग्रहाचे दोन त्यात मावतात. वाढणारीचा मान राहतो, आकडाही राहतो.

गणपतीचा आठवडा

काही आठवडे मात्र १३,३००मध्ये बसवायचा प्रयत्नच करू नये. गणपतीत चाकरमानी गावी येतात, घर भरतं, आणि चुलीवर उकडीचे मोदक होतात. एका मध्यम मोदकात तांदळाची पिठी २० ग्रॅम, ओलं खोबरं २० ग्रॅम, गूळ १२ ग्रॅम धरला तर १९० कॅलरी. वर तुपाचा एक चमचा, ४५. पाच मोदक तुपासह खाल्ले की अकराशे-बाराशे होतात.

अशा आठवड्याचं उद्दिष्ट बदलावं : वजन उतरवायचं नाही, फक्त वाढू द्यायचं नाही. म्हणजे १३,३००ऐवजी पूर्ण १६,१००. पहिल्या दिवशी ३,०००, गौरीच्या जेवणाला २,८००, आणि बाकीचे पाच दिवस सरासरी २,०६०. हे सहज जमतं, कारण मोदकाचा दिवस सोडला तर घरात साधं वरण-भात, भाजी-भाकरी होतच असते. शिमग्याला, घरच्या लग्नाला, हिवाळ्यातल्या पोपटीच्या रात्रीला हाच नियम. वर्षातले असे सात-आठ आठवडे गेले तरी चव्वेचाळीस आठवडे तुटीचे उरतात.

कुठे थांबायचं

हा हिशेब सर्वांसाठी नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा रक्तातली साखर थेट खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने रविवारसाठी शनिवारचं जेवण वाचवू नये. साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. शिवाय आठवड्याची बेरीज जुळली तरी सहा वड्यांनंतरची रक्तातली साखर त्या दुपारी वाढायची तेवढी वाढतेच. त्यांनी वाटणी डॉक्टरांना दाखवून आणि दिवसांमधला फरक लहान ठेवून करावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, वाढीच्या वयातल्या मुलांनी तुटीचा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. ज्यांना चोरून, भरभर, पोट दुखेपर्यंत खाण्याची किंवा खाऊन उलटी काढण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी आकडे मोजणं हेच आजार वाढवणारं ठरू शकतं. त्यांनी आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

बाकीच्यांना योजना बिघडते आहे हे काही खुणांवरून कळतं. गुरुवारपासूनच रविवारच्या ताटाचे विचार डोक्यात घोळत असतील, तर आठवड्याचे इतर दिवस फार कमी ठेवले आहेत. रविवारचे दोनशे काढून ते शुक्रवारी द्यावेत. रविवारसाठी शनिवारी जेवण टाळलं जात असेल, किंवा रविवारची भरपाई म्हणून सोमवारी उपास घडत असेल, तर वाटणी हिशेबाची राहिलेली नाही, ती पुन्हा सुटका आणि शिक्षा झाली आहे. दोन दिवसांतला फरक हजाराच्या आत असावा. चार आठवडे सरासरी वजन जागचं हललं नाही, तर शरीर बिघडलंय असं मानण्याआधी पुन्हा एक आठवडा सगळं तोलून लिहावं. बहुधा तेल, चाकणा आणि कढईपाशी उभ्याने खाल्लेलं यांत उत्तर सापडतं.

आणि एखाद्या रविवारी २,६००चे ३,४०० झाले तर? जास्तीचे आठशे पुढच्या चार-पाच दिवसांत दीडशे-दोनशे करून सामावता येतात : चहातली साखर आणि अर्धी वाटी भात. तेही नको असेल तर काहीच करू नये. त्या आठवड्याची तूट २,८००ची २,००० होईल, साडेतीनशेऐवजी अडीचशे ग्रॅम चरबी जाईल. सोमवारी सकाळी ठरलेली नाचणीची भाकरी आणि ठरलेला डबा तसाच घ्यावा. वजन पाच किलो उतरलं की शरीराची गरजही दिवसाला सत्तर-ऐंशी कॅलरींनी कमी होते, तेव्हा १३,३००चा आकडा नव्याने मांडावा लागतो. त्या वेळी बुधवारचा बांगडा तळायचा की तव्यावर भाजायचा, हे आधी ठरवावं. रविवारच्या वड्यांना शेवटी हात लावावा.